सणांच्या बुकिंगआधी बायो आणि बुकिंगची ओळ नीट लावून घेताना

आषाढी अमावस्येच्या आत इन्स्टाग्रामचा बायो बदलून व्हायला हवा. अमावस्या झाली की पाचव्या दिवशी नागपंचमी येते, मंगळागौरी सुरू होतात आणि मग फोनवर बसून शब्द जुळवायला वेळच उरत नाही. मी कोथरूडमध्ये मेंदी काढते, त्यामुळे माझी यादी पुण्याच्या सणांप्रमाणे चालते. तुमच्याकडे ईदेच्या किंवा करवा चौथच्या मेंदीला जास्त गर्दी होत असेल तर दिवस तसे धरा.

पहिलं काम नावाच्या रकान्याचं. इन्स्टाग्रामवर बायोच्या वर जे ठळक नाव दिसतं, ते शोधात धरलं जातं. तिथे नुसतं स्वतःचं नाव ठेवलं, तर ओळखीच्या बायका सोडून कुणाला आपण सापडत नाही. नावापुढे काम आणि गाव हवं. लोक रोमन अक्षरांत शोधतात आणि स्पेलिंग एक नसतं, म्हणून यूजरनेममध्ये mehendi असेल तर नावाच्या रकान्यात mehndi लिहावं, म्हणजे दोन्ही सापडतात. हे नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं, तेव्हा ते आधीच पक्कं करून ठेवावं.

मग बायो. त्याला 150 अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. ‘मेंदी’ आपल्याला दोन अक्षरी दिसते, मोजणीत ती पाच होते. त्यामुळे ‘हातांवर खुलणारं सौंदर्य’ वगैरेला जागा नाही. बाई बायो उघडते ती तीन गोष्टी बघायला: कुठे, कधी, कशी मेंदी. माझा बायो असा आहे:

हरतालिका ते भाऊबीज बुकिंग सुरू
कोथरूड, पुणे. घरी यायचं तर किमान 5 जणी
घरी भिजवलेली नैसर्गिक मेंदी
तारखेसाठी खालची लिंक

हे सगळं 120 च्या आत बसतं. उरलेली जागा मी मुद्दाम मोकळी ठेवते, कारण सणाच्या आठवड्यात तिथे ‘25 तारीख भरली’ एवढं टाकता येतं. ‘किमान 5 जणी’ ही अट मी एकदा हडपसरला एकाच बाईच्या तळहातांसाठी गेल्यावर घातली. जाण्यायेण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात घरी बसून चौघींची मेंदी झाली असती. तिसऱ्या ओळीमुळे ‘काळी मेंदी आहे का?’ हा प्रश्नही कमी येतो. नैसर्गिक मेंदीचा रंग केशरी ते गडद तपकिरी असतो. तासाभरात काळा रंग देणाऱ्या कोनमध्ये बहुतेक वेळा पीपीडी हे रसायन असतं, त्याने कातडीवर फोड येऊ शकतात. असा कोन मी कुणाच्याही हाताला लावत नाही.

खरी मेहनत घ्यावी ती बुकिंगच्या ओळीवर. माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली होती. एका वर्षी मी फक्त ‘तारीख कळवा’ असं लिहिलं होतं. एका ताईंनी ‘हरतालिकेची मेंदी’ कळवलं. त्यांना हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी यायचं होतं. मी सणाचीच तारीख वहीत लिहिली, कारण तीच त्यांनी लिहिली होती. आदल्या दिवशी त्या दारात उभ्या, माझ्यापुढे दुसरी बाई बसलेली, आणि रात्री दहापर्यंत एकही जागा रिकामी नव्हती. त्या तशाच परत गेल्या. सणाच्या पूजेला त्यांचे हात कोरे राहिले, ते मला अजून खातं.

तेव्हापासून मी दोन तारखा वेगळ्या विचारते: पूजेची आणि मेंदी काढायची. रंगाच्या दृष्टीनेही ते गरजेचं आहे. लेप काढल्यावर हात केशरी दिसतो आणि रंग गडद व्हायला एक ते दोन दिवस लागतात. 2025 मध्ये हरतालिका 26 ऑगस्टला होती, म्हणजे चांगल्या रंगासाठी मेंदी 24 ला काढलेली उत्तम, 25 ची सकाळ चालेल. बायका सगळ्या 25 च्या संध्याकाळी मागतात. पूजेची तारीख आधी कळली की ‘24 ला या, रंग छान चढेल’ असं सांगता येतं आणि आपली गर्दीही दोन दिवसांत वाटली जाते. गौरींचं आणखी वेगळं. घरच्या बाईचे हात आवाहनापासून पुरणावरणात आणि पाण्यात असतात, म्हणून तिला आवाहनाच्या दोन दिवस आधीच बोलवावं.

दुसरा घोळ ‘हात’ या शब्दाचा. ‘एका हाताचे किती?’ असं विचारणारीच्या मनात कधी एक तळहात असतो, कधी तळहात आणि वरची बाजू. कुठपर्यंत हे ठरलेलं नसलं की दर ठरत नाही आणि वेळही ठरत नाही. बाजू एक की दोन्ही, मनगटापर्यंत की कोपरापर्यंत, हे ओळीतच विचारून घ्यावं.

हे सगळे प्रश्न आपण टाइप करत बसायचं नाही. बायोमधल्या लिंकवर बोट ठेवलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडतं आणि निरोप आधीच लिहिलेला दिसतो, बाईने फक्त पुढे भरायचं. लिंक अशी बनते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=पूजा%20कधी:%0Aमेंदी%20कधी:%0Aभाग:%0Aकिती%20जणी:%0Aबाजू%20व%20कुठपर्यंत:
```

नंबर 91 पासून सलग, अधिकचं चिन्ह, शून्य, रेघ काही नको. %20 म्हणजे मोकळी जागा, %0A म्हणजे नवी ओळ. लिंक लावली की दुसऱ्या कुणाच्या फोनवरून एकदा उघडून बघा. एक आकडा चुकला तर बुकिंग अनोळखी माणसाकडे जातात आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

जागा किती, हेही लिंक देण्याआधी ठरवून ठेवावं. मी सकाळी 11 ते रात्री 8 बसते, त्यातला एक तास जेवणाचा. सणाच्या साध्या नक्षीला, मनगटापर्यंत एका बाजूने दोन्ही हातांना मला 40 मिनिटं लागतात, म्हणजे 12 जागा होतात. देते मी 10. कुणाची लेक ऐनवेळी ‘मलाही एक वेल काढा’ म्हणते आणि तिला नाही म्हणवत नाही, त्यासाठी दोन मोकळ्या.

उत्तर मी बिझनेस व्हॉट्सअ‍ॅपच्या तयार उत्तरात साठवलं आहे. `/jaga` टाइप केलं की येतं: ‘ताई, तुमच्यासाठी ही वेळ आज रात्री 9 पर्यंत ठेवली आहे. 200 रुपये आगाऊ आले की जागा पक्की. तारीख बदलायची तर दोन दिवस आधी सांगा, जागा असेल तर बदलून देईन. येताना हाताला तेल, क्रीम नको. मेंदी पाच-सहा तास ठेवा, त्या दिवशी पाणी टाळा.’ रात्री 9 ची वेळ घातल्यापासून ‘बघून सांगते’ म्हणून अडकलेल्या जागा सुटायला लागल्या.

रोज रात्री वही आणि बायो जुळवून घ्यायचा. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहिली ओळ ‘करवा चौथ ते भाऊबीज’ अशी करते, आणि भाऊबीज झाली की तिच्या जागी ‘तुळशीच्या लग्नापासून नवरीची मेंदी’. नवरीसाठी लिंकमध्ये पायांची ओळही वाढवावी लागते.