या चुका टाळा: वेबिनारच्या स्लाइडचा कोपरा व्हिडिओखाली जातो तेव्हा

गृहकर्जावरच्या एका वेबिनारच्या स्लाइड मी केल्या होत्या. तक्त्याचा शेवटचा रकाना होता मासिक हप्त्याचा. दहाव्या मिनिटाला चॅटमध्ये पहिला प्रश्न आला, ‘मॅडम, हप्ता किती ते दिसत नाहीये.’ त्या आकड्यांवर माझाच चेहरा बसला होता!

तेव्हा मी घाईघाईने तो एकच तक्ता डावीकडे सरकवला. चूक तिथेच झाली. जागा सोडायची ती टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पॉवरपॉइंटच्या `View > Slide Master` मध्ये. रुंद स्लाइड ३३.८७ × १९.०५ सेंटिमीटरची असते. त्यातला वर उजवीकडचा साधारण ८.५ × ४.८ सेंटिमीटरचा तुकडा मी व्हिडिओला देऊन टाकते. शीर्षकाची चौकट डावीकडून १.५ सेंटिमीटरवर सुरू होते आणि २२.५ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे ती २४ वर संपते. मजकुराची चौकट वरून ५.२ सेंटिमीटरवर सुरू होते, त्यामुळे तक्ता पूर्ण रुंदीचा ठेवता येतो. त्या कोपऱ्यात लोगोही नको, अर्धा झाकलेला लोगो फार केविलवाणा दिसतो.

एवढं करूनही जुन्या स्लाइड जागच्या हलत नाहीत, कारण हाताने सरकवलेली चौकट मास्टरचं ऐकत नाही. त्या स्लाइड निवडून `Home` मधलं `Reset` दाबा. वेगळा टाकलेला टेक्स्ट बॉक्स मात्र त्यानेही हलणार नाही, तो स्वतःच उचलून ठेवावा लागतो.

खरा छुपा चोर वेगळाच आहे. चौकट लहान झाली की पॉवरपॉइंट गुपचूप अक्षरं बारीक करतं. तुम्ही २८ पॉइंट ठरवलेले असतात, पण पाच ओळींनंतर ते २० वर आलेले असतात आणि मोठ्या पडद्यावर तुमच्या लक्षातही येत नाही. मास्टरमध्येच चौकटीवर राइट क्लिक करून `Format Shape > Text Options > Text Box` मध्ये `Do not Autofit` निवडा. मग जास्तीचा मजकूर चौकटीबाहेर सांडलेला दिसतो आणि तो कापावाच लागतो.

२८ च का? मोबाइल उभा धरला की स्लाइड जेमतेम ७ सेंटिमीटर रुंद दिसते, मूळच्या एक पंचमांश. म्हणजे २८ चे साडेपाच-सहा पॉइंट उरतात, २० चे चार. चारमध्ये ‘ष’ आणि ‘प’ सारखेच दिसतात, अनुस्वार तर गायबच. बारीक वळणाचा फाँट असेल तर व्हिडिओच्या कॉम्प्रेशनमध्ये मात्राही पुसट होतात, म्हणून मी जाड वळणाचा ‘मुक्ता’ घेते.

आदल्या दिवशी दोन मिनिटांची मीटिंग सुरू करा, दुसऱ्या मोबाइलवरून तिथे शिरा आणि सगळ्यात गच्च भरलेली स्लाइड शेअर करा. रेकॉर्डिंगही करून बघा. बघणाऱ्याला स्वतःच्या स्क्रीनवरची व्हिडिओची चौकट बऱ्याचदा सरकवता येते, रेकॉर्डिंगमध्ये मात्र ती जिथे छापली गेली तिथेच राहते.