लॅपटॉप घ्यायला निघण्याआधी: प्रोसेसरच्या नंबरातला तिसरा आकडा बघा

ही यादी फक्त प्रोसेसरपुरती आहे. रॅम, एसएसडी, स्क्रीन, वजन हे सगळे बघतातच, त्यावर वेळ घालवत नाही. मागच्या वेळी घरात लॅपटॉप घेताना माझ्याकडून नंबरातला एकच आकडा बघायचा राहिला आणि त्यानंतर काहीच दुरुस्त करता आलं नाही, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी पूर्ण नंबर मिळवा. कीबोर्डखालच्या स्टिकरवर नुसतं "Ryzen 5" नाहीतर "Core i5" असतं, त्यावरून तुम्हाला जवळपास काहीही कळत नाही, ते फक्त घराण्याचं नाव झालं. खरं नाव 7520U, 12450H असं असतं. ऑनलाइन घेत असाल तर खाली स्पेसिफिकेशनमध्ये सापडतं. दुकानात डिस्प्लेला ठेवलेल्या लॅपटॉपवर Ctrl+Shift+Esc दाबा, Performance मध्ये जाऊन CPU वर क्लिक करा, उजवीकडे वर अख्खं नाव येतं. काउंटरवरचा माणूस "लेटेस्ट आहे दादा, या वर्षीचाच मॉडेल आहे" म्हणाला तरी हो म्हणायचं आणि नंबर बघायचा. नंबर हातात आल्याशिवाय किमतीचं बोलणंच सुरू करू नका.

आता रायझेन, म्हणजे एएमडीच्या चिप, कारण जास्त फसगत इथेच होते. एएमडीने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये लॅपटॉपच्या चिपसाठी नवी नंबर पद्धत जाहीर केली, ती 7000 आणि 8000 मालिकेला लागू आहे. पहिला आकडा म्हणजे वर्ष, 7 म्हणजे २०२३ ची मालिका, 8 म्हणजे २०२४ ची. लोक या पहिल्या आकड्यालाच जनरेशन समजतात आणि 5000 पेक्षा 7000 नवा म्हणून चांगला असं धरून चालतात, पण तो आकडा फक्त मालिका कुठल्या वर्षाची ते सांगतो, आतली रचना किती जुनी आहे ते सांगत नाही. दुसरा आकडा पायरी सांगतो, साधारण रायझेन 3, 5, 7 तेच. तिसरा आकडा म्हणजे आतल्या कोअरची खरी पिढी, एएमडी त्या रचनेला झेन म्हणते: 2 असेल तर झेन 2, 3 असेल तर झेन 3 किंवा 3+, 4 असेल तर झेन 4. चौथा 0 किंवा 5 असतो, 5 जरा वरचा. शेवटचं अक्षर वीज किती खाणार ते सांगतं.

तिसरा आकडा. हाच राहतो बघायचा.

उदाहरण घ्या. 7520U आणि 7530U. दोन्हीच्या स्टिकरवर रायझेन 5, दोन्ही २०२३ च्या मालिकेतले, दोन्ही U, आणि नंबरात फरक फक्त तिसऱ्या आकड्याचा. पण 7520U च्या आत झेन 2 आहे, म्हणजे २०१९ मध्ये आलेली रचना, चार कोअर आणि ४ एमबी एल३ कॅश. 7530U मध्ये झेन 3, सहा कोअर, १६ एमबी एल३ कॅश. ग्राफिक्सही 7520U मध्ये अगदी बेताचंच आहे. ब्राउझरमध्ये पुष्कळ टॅब उघडे, त्यात व्हिडिओ कॉल चालू आणि मागे मोठी एक्सेल शीट, असं काम पडलं की हा फरक लगेच जाणवतो, नुसतं टायपिंग आणि यूट्यूब असेल तर फारसा जाणवत नाही, आणि दुकानात पाच मिनिटं हाताळून तर अजिबातच कळत नाही.

अजून एक गोष्ट जी मला नंतर कळली. 7520U ला फक्त एलपीडीडीआर५ रॅम चालते आणि ती बोर्डावर सोल्डर केलेली असते. म्हणजे आत्ता ८ जीबी घेऊ, पुढे वाढवू हा हिशोब इथे चालतच नाही. घ्याल तेवढीच, कायमची. म्हणून तिसरा आकडा 2 दिसला की रॅमचा प्रश्नही तिथेच विचारायचा, आणि ८ जीबीवाला असेल तर मी म्हणेन सरळ पुढे चला.

आणि रायझेन 3 सोडून रायझेन 5 साठी जास्त पैसे मोजताय तेव्हा तर तिसरा आकडा बघाच. 7320U रायझेन 3 आहे आणि 7520U रायझेन 5, पण दोन्ही झेन 2, दोन्ही चार कोअर, कॅश तेवढीच, फरक फक्त स्पीडचा, कमाल ४.१ आणि ४.३ गिगाहर्ट्झ. एवढ्यासाठी चार-पाच हजार जास्त देऊ नका, त्या पैशात 7530U पर्यंत पोचता येतंय का ते बघा. वेबसाइटवर एक सोपी खूण असते, नावात रायझेन 5 च्या पुढे "क्वाड कोर" लिहिलेलं दिसलं की थांबा आणि नंबर वाचा. २०२० च्या रायझेन 5 4500U मध्येसुद्धा सहा कोअर होते.

जुन्या 5000 मालिकेला मात्र हा नियम लावू नका, तिथे तिसऱ्या आकड्याला हा अर्थ नाही. तिथे 5500U आणि 5700U आतून झेन 2 आहेत, 5600U, 5625U आणि 5800U झेन 3. हे लक्षात ठेवावंच लागतं, नंबरावरून निघत नाही. सेकंडहँड बाजारात 5700U आणि 5600U शेजारी शेजारी दिसतात, तेव्हा 7 बघून आपोआप वरचा धरू नका, त्यात कोअर आठ असले तरी रचना जुनी आहे.

इंटेल. इथे नंबर 1 ने सुरू होत असेल तर पहिले दोन आकडे म्हणजे जनरेशन, नाहीतर पहिला एकच. 1235U बारावी, 8250U आठवी, 1035G1 हा दहावी, चारच आकडे बघून पहिली जनरेशन वगैरे समजू नका. इंटेलमध्ये जास्त बघायचं ते शेवटचं अक्षर, U म्हणजे साधारण १५ वॅट, P २८, H ४५. i7-1255U मध्ये मोठे, म्हणजे जास्त ताकदीचे कोअर दोनच आहेत, i5-12450H मध्ये चार. त्यामुळे कोडिंग, व्हिडिओ एडिटिंग, गेम असं जड काम असेल तर तो i5 पुढे जातो, बॅटरी महत्त्वाची असेल तर U बरा. नुसत्या i7 या नावाला पैसे देऊ नका.

सेकंडहँड इंटेल घेताय तर आठवीच्या खाली जाऊ नका. i7-7500U मध्ये दोनच कोअर, i5-8250U मध्ये चार, आणि विंडोज ११ चा अधिकृत सपोर्ट जवळजवळ सगळा आठवीपासूनच सुरू होतो. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत.

नवी इंटेल नावं, म्हणजे Core 5 120U आणि Core Ultra 5 125U, ही वेगळी आहेत. "Ultra" नसलेला 120U आतून तेराव्या जनरेशनच्याच रचनेचा आहे, Ultra मध्ये नवी रचना. अक्षरांचा क्रम तोच, U कमी वीज, H जास्त, वॅटचे आकडे मात्र तेच धरू नका.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी, रिटर्नची मुदत चालू असताना, PowerShell उघडून हे टाका:

```
(Get-CimInstance Win32_Processor).Name
```

जे नाव येईल ते बिलावरच्या नंबराशी अक्षरासकट जुळवा. रायझेन 7000 असेल तर तिसरा आकडा पुन्हा एकदा बघा. 7530U चं बिल आणि स्क्रीनवर 7520U असं निघालं तर त्याच दिवशी परत द्या.