उन्हाळ्यात नोझल तुंबलं की तापमान वाढवू नका

थ्री-डी प्रिंटरवर पहिले थर सुरेख येतात. पाऊण-एक तासाने प्लास्टिकची तार पुढे ढकलणाऱ्या एक्स्ट्रूडरमधून टक-टक आवाज सुरू होतो, थर विरळ पडतात आणि मग नोझल हवेतच फिरत राहतं. अशा वेळी बहुतेक जण नोझलचं तापमान दहा अंशांनी वाढवतात. उन्हाळ्यात पीएलए प्लास्टिक छापताना हीच सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण अडचण खाली नोझलमध्ये नसून वर हीट ब्रेकमध्ये असते.

हीट ब्रेक म्हणजे तापलेला ब्लॉक आणि थंड हीटसिंक यांच्यामधली पातळ भिंतीची नळी. तिच्या वरच्या भागात फिलॅमेंट, म्हणजे प्लास्टिकची तार, कडक राहिलं पाहिजे, तरच ते खालच्या वितळलेल्या प्लास्टिकला पुढे ढकलतं. पीएलए मात्र साधारण 55 ते 60 अंशांनाच मऊ पडतं. मऊ झालं की दाबाने फुगतं, नळीला चिकटतं आणि एक्स्ट्रूडरचा गिअर त्याला नुसतं खरवडत बसतो.

पंखा हीटसिंकला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. समजा, 25 अंशांच्या खोलीत हीटसिंक 42 वर स्थिरावतो, म्हणजे हवेपेक्षा 17 ने जास्त. प्रिंटरभोवतीच्या बंद पेटीतली हवा 40 वर गेली, तर तोच पंखा त्याच वेगाने फिरूनही हीटसिंक 57 च्या आसपास जाईल. हिवाळ्यात चाललेली सेटिंग्ज आता अडकतात ती यामुळे. म्हणून पीएलए छापताना पेटीचं दार आणि झाकण उघडंच ठेवा.

खात्री करायची तर फिलॅमेंट बाहेर ओढून टोक नीट बघा. टोकाच्या थोडं वर जाडसर फुगवटा आणि त्याच्याही वर गिअरने कुरतडलेला अर्धचंद्राकृती खळगा दिसला, तर उष्णता वर चढली होती असं समजा. ओढून येत नसेल तर नोझल 210 ला तापवून काही मिनिटं थांबा, हाताने खाली दाबा, मग ओढा. फुगलेला तुकडा कापल्याशिवाय परत घालू नका.

मग हीटसिंकचा पंखा तपासा. तो फिरतोय एवढं बघून समाधान मानू नका. पात्यांत अडकलेला प्लास्टिकचा धागा किंवा झिजलेलं बेअरिंग त्याचा वेग निम्म्यावर आणतं, आणि लांबून ते कळत नाही. पंखा बदलताना व्होल्टेज जुळवा: 24 व्होल्टच्या मशीनवरच्या जोडणीला 12 चा पंखा लावला तर तो जळतो, आणि उलट केलं तर जेमतेम फिरतो. छापलेल्या भागावर वारा सोडणारा पंखा वेगळा, त्याच्या जोडणीवर हा लावला तर पहिल्या थराला बंदच राहील.

रिट्रॅक्शन, म्हणजे नोझल जागा बदलताना फिलॅमेंट थोडं मागे ओढणं, तेही बघा. प्रत्येक वेळी ते वितळलेलं टोक वर थंड भागात ओढतं. एक्स्ट्रूडर नोझलच्या लगेच वर असलेल्या डायरेक्ट ड्राइव्हला सहसा अर्धा ते एक मिलिमीटर पुरतो. लांब नळीतून फिलॅमेंट ढकलणाऱ्या बोडन मशीनची 5-6 मिलिमीटरची सवय तिथे नेली, तर गरम दिवसांत नळी हमखास तुंबते.