बहिणीच्या लग्नातलं भाषण: निबंध वाचल्यासारखं वाटू नये म्हणून या चुका टाळा

भावाच्या भाषणाचा पहिला खर्डा बहुतेक वेळा असा असतो:

"माझ्या ताईने बालपणापासून माझ्यावर आईप्रमाणे प्रेम केले असून माझ्या प्रत्येक चुकीवर पांघरूण घालण्याचे कार्य तिने समर्थपणे पार पाडले आहे."

निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी वाचावं तसं हे आहे. "बोलल्यासारखं कर" असं कुणी सांगितलं, की भाऊ एकच काम करतो, वाक्याचे तुकडे पाडतो: "ताईने आईप्रमाणे प्रेम केले. चुकांवर पांघरूण घातले. कार्य समर्थपणे पार पाडले." वाक्यं आखूड झाली, पण बोलकी झाली नाहीत. 'कार्य', 'समर्थपणे' तसेच राहिले आणि 'केले-घातले-पाडले' अशी कवायत सुरू झाली. आपण बोलताना 'मग', 'आणि', 'तर' लावत जातो, मध्येच एखादं वाक्य लांबतं, पुढचं दोन शब्दांत संपतं. तो चढउतारच इथे गेला.

मुळात तोडायचं वाक्य नसतंच, त्यातलं विधान तोडायचं असतं. 'पांघरूण घातलं' म्हणजे नेमकं काय केलं? एक प्रसंग काढा:

"दहावीत असताना मी बाबांची स्कूटर न विचारता नेली. आणि भिंतीवर घातली. ताई बाबांना म्हणाली, स्कूटर मी नेली होती. ताईला स्कूटर चालवता येत नसल्यामुळे बाबांनी लगेच विश्वास ठेवला."

बरंच सुधारलं, तरी शेवटच्या वाक्यावर कुणी हसणार नाही. मराठीत '-मुळे' आणि '-ल्याने' कारण आधी सांगून टाकतात. ऐकणाऱ्याला गंमत वाक्याच्या सुरुवातीलाच कळते आणि उरलेला अर्धा भाग फुकट जातो. विनोदात कारण शेवटी यायला हवं:

"बाबांनी लगेच विश्वास ठेवला. //
कारण ताईला स्कूटर चालवताच येत नव्हती. //
भाऊजी, किल्ली सांभाळा. / आजही येत नाही."

एक तिरकी रेघ म्हणजे श्वास घ्यायचा, दोन म्हणजे मनात दोनपर्यंत मोजायचं. विनोदानंतर सगळेच थांबतात. विनोदाच्या आधी थांबणं मात्र राहून जातं, आणि खरी गरज तिथेच असते. 'विश्वास ठेवला' म्हटल्यावर लोकांना 'का बरं?' असं वाटायला तेवढा वेळ लागतो. सलग बोललात तर तो प्रश्न त्यांच्या मनात उभाच राहत नाही.

हशा झाला तर तो पूर्ण विरेपर्यंत थांबू नका, ओसरायला लागला की पुढचं वाक्य घ्या. हशाच्या ऐन भरात बोललात तर ते वाक्य मागच्या रांगांना ऐकूच जात नाही. आणि हशा झालाच नाही तर? मनात दोनपर्यंत मोजणं सोडून सरळ पुढे जा. "म्हणजे तिला चालवता येत नव्हती ना, म्हणून…" असं समजावत बसलात तर मात्र काही खरं नाही.

विनोदाचा नेम कुणावर आहे तेही तपासा. वरच्या प्रसंगात ताईची थट्टा आहे, पण खरा गुन्हेगार भाऊ आहे, म्हणून ती चालते. तिची जुनी प्रकरणं, दिसणं, रडणं, स्थळं किती आली हे विषय नकोत. शंका असेल तर ताईलाच विचारा. त्या दिवशी तिला धक्का देण्यात काही गंमत नाही.

हळव्या भागात चूक उलटी होते. भाऊ तिथे सगळ्यात लांब वाक्य लिहितो आणि गळा नेमका त्याच्या मध्यावर दाटून येतो. तिथली वाक्यं सगळ्यात आखूड ठेवा, आणि ती हशाच्या लगेच नंतर आणा:

"ती बोलणी ताईने खाल्ली. / मी दाराआड उभा होतो. //
ताई, / तेव्हा थँक्यू म्हणायचं राहिलं."

'तुझ्यासारखी बहीण सर्वांना लाभो' वगैरे जोडायचा मोह होईल, पण जोडू नका.

शेवटी भाषण मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करा. मनात वाचलेलं सगळंच बोलकं वाटतं. ऐकताना जिथे दम लागतो किंवा जिभेला अडखळायला होतं, तिथे अजून लेखी भाषा शिल्लक आहे असं समजा. थांबे धरून मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे चार मिनिटांना चारशे पुरे. छापताना अक्षर मोठं, एका ओळीत एकच वाक्य. आणि 'विश्वास ठेवला' एका पानाच्या तळाशी नि 'कारण' पुढच्या पानावर असं होऊ देऊ नका, नाहीतर तो थांबा पान उलटण्यात जाईल.