टायमिंग बेल्टचा पिच आणि रुंदी कशी ठरवायची

साकीनाक्याच्या एका गाळ्यात गोंदाचे थेंब टाकणारं छोटं मशीन बनतंय, त्याचाच हिशोब इथे करू. बेल्टने मागेपुढे सरकणाऱ्या स्लाइडचं वजन २ किलो, चाल ६०० मिमी, आणि थेंब ठरलेल्या जागेपासून ०.०५ मिमीच्या आत पडायला हवा. अशा कामात बेल्ट तुटत नाही हो, तो ताणला जातो, त्यामुळे दुकानात जाऊन "हेवी ड्यूटी दाखवा" म्हणण्यात काही अर्थ नाही.

आधी पिच. पिच म्हणजे एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचं अंतर. पिच लहान म्हणजे मशीन आपोआप अचूक असं खूप जणांना वाटतं, पण खरं बघायचं ते पुलीच्या एका फेऱ्यात स्लाइड किती सरकते ते. २ मिमी पिच आणि २० दातांची पुली घेतली तर एका फेऱ्यात ४० मिमी, आणि स्टेपर मोटर फेऱ्याला २०० स्टेप टाकते, म्हणजे एका पूर्ण स्टेपला ०.२ मिमी. मायक्रोस्टेपिंगने, म्हणजे एका स्टेपचे आणखी तुकडे पाडून, ते आणखी बारीक होतं. ३ मिमी पिचची २० दातांची पुली घेतली तर तेच ०.३ मिमी होतं आणि त्याच मोटरचा जोर एक तृतीयांश कमी पडतो. मग पुली लहान करू म्हणाल तर १३-१४ दात उरतात, बेल्टला मोड जास्त बसतो आणि पुलीत गुंतलेले दात ७च्या आसपास येतात, किमान ६ तरी हवेतच. आपल्याकडे जोर किती लागतोय? २ किलोला ५ मी/से² वेग वाढवायला १० न्यूटन, वर घर्षणाचे ४, एकूण १४. एवढं २ मिमीचे दात आरामात झेलतात, तेव्हा पिच २ मिमी. दाताचा आकार मात्र गोलसर जीटी घ्या, कारण एचटीडी या दुसऱ्या आकाराच्या दातांना पुलीत थोडी मोकळीक असते आणि दिशा बदलली की ती जाणवते.

आता रुंदी, आणि खरी मेख इथेच आहे. स्लाइड थांबली की वेग वाढवायचा जोर संपतो, पण घर्षण तसंच राहतं, आणि त्या घर्षणामुळे बेल्ट थोडा ताणलेलाच राहतो, डावीकडून आलात तर एकीकडे, उजवीकडून आलात तर दुसरीकडे. म्हणून आधी घर्षण मोजा: बेल्ट काढा, स्प्रिंगचा काटा लावून स्लाइड हळू ओढा. समजा ४ न्यूटन आलं. मग ६ मिमीचा बेल्ट बसवा, मोटर लॉक करा, स्लाइड मोटरपासून सगळ्यात लांब न्या (तिथे बेल्ट सर्वात जास्त लवचीक असतो), डायल गेज लावा आणि आधी २० न्यूटनने ओढून रीडिंग घ्या, मग ३० ने. दोन्ही वेळा एकाच दिशेने ओढायचं, म्हणजे वजाबाकीत घर्षण निघून जातं. समजा १० न्यूटनला ०.३ मिमी फरक आला, तर ४ न्यूटनला ०.१२ मिमी. आपल्याला ०.०५ हवं, म्हणजे बेल्ट २.४ पट ताठ पाहिजे. ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, तेव्हा ९ मिमीने ०.०८ येईल, पुरणार नाही, १५ मिमीने ०.०४८ येईल, म्हणजे जेमतेम.

जेमतेमवर मशीन सोडायचं नाही. आधी घर्षण कमी करा, गाइडची वायपर सील घट्ट असेल, वंगण वाळलं असेल तर ते बघा, ४ चं ३ न्यूटन झालं तरी चूक ०.०३६ वर येते. शिवाय प्रोग्राममध्ये प्रत्येक जागेला एकाच बाजूने पोचायची सवय लावा, मग ताण नेहमी एकाच दिशेचा राहतो आणि बरीचशी चूक कायमची होते, ती वजा करता येते. बेल्ट खूप ताणून मात्र काही मिळत नाही. दोन्ही बाजू कामाच्या वेळी सैल पडत नाहीत एवढा ताण पुरे, त्यापुढे बेअरिंगवर भार येतो आणि घर्षणच वाढतं. रुंद बेल्टची एक किंमतही आहे: पुल्या एका रेषेत नसल्या तर बेल्ट पुलीच्या कडेच्या फ्लँजला घासत राहतो आणि कडेचे धागे निघायला लागतात, आणि रुंद पुली मोटरच्या शाफ्टवर जास्त बाहेर येते.

नागदेवी स्ट्रीटला बेल्ट घेताना शंभर दात मोजून लांबी बघा. एमएक्सएल नावाचा बेल्ट २ मिमीसारखाच दिसतो पण त्याचा पिच २.०३२ मिमी असतो, दहा दातांत फरक कळत नाही, शंभर दातांत २०० च्या जागी २०३.२ मिमी भरतात. तो जीटीच्या पुलीवर चढतोही, पण नीट बसत नाही, दात पुलीतून वर येत राहतात आणि जागा कधीच बरोबर लागत नाही.