गरोदरपणात उठताना चक्कर येते? या चुका टाळा

पाचवा महिना, नोकरी करणारी बाई. सकाळी गजर वाजला की ताडकन उठायचं, गिझरच्या कढत पाण्याने आंघोळ, मग चहाबरोबर लोहाची गोळी आणि लगेच ओट्याशी उभं राहून डब्याच्या पोळ्या. तिसऱ्या-चौथ्या पोळीला कान बंद झाल्यासारखे वाटतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, "अशक्तपणा आहे, जरा जास्त खात जा." दवाखान्यात खुर्चीत बसवून बीपी घेतलं तर ते चांगलं भरतं. मग सगळे निश्चिंत होतात आणि चौथ्या दिवशी तेच पुन्हा.

या सकाळीत चुका एकावर एक रचल्या गेल्या आहेत, आणि जेवण वाढवून त्यातली एकही सुटत नाही.

आधी कारण बघू. कोणीही उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाखाली उतरतं. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाचे ठोके थोडे वाढवतं आणि मेंदूकडचा पुरवठा सांभाळतं. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन वगैरे संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, त्यामुळे हे आवळणं उशिरा आणि अपुरं होतं. पहिल्या तिमाहीतच बीपी उतरायला लागतं, साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात सर्वांत खाली असतं आणि नंतर हळूहळू वर येतं. म्हणजे थोडं कमी बीपी हा आजार नव्हे. त्रास होतो तो उभं राहताना ते एकदम घसरतं तेव्हा.

उठण्याची चूक

रात्रभर पोटात पाणी नाही, सात-आठ तास आडवं शरीर, आणि एका झटक्यात उभं. सकाळची चक्कर बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. उशाशी भरलेला तांब्या ठेवा आणि अंथरुणातच टेकून बसून पेलाभर पाणी घोट-घोट प्या. मग कुशीवर वळा, हाताचा आधार घेऊन बसा, पाय खाली सोडा. पावलं वर-खाली पंधरा-वीस वेळा हलवा, म्हणजे पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. एक-दोन मिनिटं बसून मग उभं राहा, आणि उभं राहिल्यावर पलंगाला किंवा भिंतीला हात लावून क्षणभर थांबा. लगेच चालायला लागू नका. रात्री लघवीला उठतानाही हेच. तेव्हा झोपेत असल्यामुळे सगळ्यांना घाई असते आणि त्यात पडण्याची भीती असते.

भारतीय पद्धतीच्या संडासातून उठणं त्याहून अवघड. उकिडवं बसून उठताना रक्त एकदम खाली जातं, शिवाय पोटाचा भार असतो. भिंतीला पकडायला आडवा दांडा लावून घ्या, नाहीतर कमोड वापरा. आणि आतून कडी लावू नका. चक्कर येऊन आत पडली तर दार फोडायची वेळ येते. लाज वाटत असेल तर दाराबाहेर टॉवेल टांगा, घरच्यांना कळतं.

आंघोळ, चहा आणि ओटा

कढत पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आणखी पसरतात, म्हणून आंघोळीनंतर पाच-दहा मिनिटांत घेरी येते. पाणी कोमट घ्या, स्टुलावर बसून आंघोळ करा. आंघोळीच्या आधी पोटात काहीतरी असू द्या. दोन बिस्किटं नव्हे, अर्धी भाकरी, उकडलेलं अंडं, मूठभर शेंगदाणे असं काही.

चहाबरोबर लोहाची गोळी घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. चहा आणि गोळीत तास-दोन तासांचं अंतर ठेवा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ही चक्कर लवकर आणि जास्त येते, म्हणून अहवालातला आकडा विचारून घ्याच.

पोळ्या बसून लाटता येतात. नसेल जमत तर उभ्यानेच, पण एका जागी खांबासारखं उभं राहू नका. एक पाय छोट्या पाटावर ठेवा, मधूनमधून पाय बदला, टाचा उचला. बसच्या रांगेत, लोकलमध्ये, लग्नाच्या हॉलमध्येही तेच. कान बंद होणं, घाम, मळमळ, समोरचं धूसर दिसणं ही पूर्वसूचना आहे. तेव्हा शक्य असेल तर खालीच बसा, "लोक काय म्हणतील" नंतर बघू. बसायला जागाच नसेल तर पाय एकमेकांवर आडवे टाकून मांड्या आणि नितंब घट्ट आवळा, मुठी गच्च वळा. बीपी काही क्षण वर राहतं आणि बसायची सोय होईपर्यंत तेवढं पुरतं.

निर्जळी उपास मात्र नकोच. हरितालिकेला उपास करायचाच असेल तर पाणी आणि फळं घेऊन, तेही डॉक्टरांना विचारून.

बीपी बसूनच मोजणं

वरच्या उदाहरणात बसून बीपी चांगलं भरलं, कारण घसरण उभं राहिल्यावर होते. डाव्या कुशीवर पाच मिनिटं पडून एकदा मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. उभ्याने मोजताना हात हृदयाच्या पातळीवर आधाराने ठेवा आणि शेजारी कोणीतरी असू द्या. समजा पडून १०६/६६ आणि उभं राहिल्यावर ८४/६०. वरचा आकडा २२ ने उतरला. वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती खरी घसरण. हे आकडे तारीख-वेळ घालून डॉक्टरांना दाखवा.

"बीपी लो आहे" म्हणून मीठ-साखरेचं पाणी पाजण्याची हौस मात्र आवरा. पुढच्या महिन्यांत बीपी वाढण्याचा त्रास काहींना होतो, मधुमेहही असू शकतो. जेवणातलं मीठ नेहमीचंच ठेवा, वाढवायचं ते पाणी. आणि आधीच बीपीची गोळी चालू असून चक्कर येत असेल तर गोळी स्वतः बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

बेशुद्ध पडल्यावर

सर्वांत मोठी चूक म्हणजे दोघांनी दोन्हीकडून धरून तिला उभं किंवा खुर्चीत बसतं ठेवणं. डोकं वर राहिलं तर मेंदूला रक्त मिळत नाही. आडवं करा. पहिल्या महिन्यांत पाय उशीवर वर ठेवले तरी चालतं. साधारण विसाव्या आठवड्यानंतर मात्र उताणं ठेवू नका, कारण गर्भाशयाचं वजन पाठीकडच्या मोठ्या शिरेवर पडून रक्त हृदयाकडे परतत नाही. डाव्या कुशीवर वळवा. उताणं पडल्यावर घेरी येते आणि कूस बदलली की जाते, तेही याच कारणाने. कपडे सैल करा, गर्दी हटवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. साध्या भोवळीतून मिनिटभरात जाग येते, पण लगेच उठवू नका, दहा-पंधरा मिनिटं पडू द्या.

मिनिटभरात शुद्ध आली नाही, पोटावर पडली, रक्तस्राव किंवा जोराची पोटदुखी आहे, छातीत दुखतं किंवा धाप लागते, बसल्या-पडल्या शुद्ध हरपली, बाळाची हालचाल कमी वाटते, तर १०८ ला फोन करा. पहिल्या तीन महिन्यांत एका बाजूला पोटात दुखून किंवा खांद्याच्या टोकाला कळ येऊन चक्कर आली तर गर्भ नळीत असण्याची शंका घ्यावी लागते, तिथे थांबायचंच नाही. पाचव्या महिन्यानंतर डोकं खूप दुखणं, नजर अंधुक होणं किंवा झटके येणं हे कमी बीपीचं नसून वाढलेल्या बीपीचं लक्षण असू शकतं. तेव्हा साखर-पाणी देत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा.