क्रीडादिनाच्या पाहुण्यांचे स्वागत व परिचय : तयारीची यादी

शाळेच्या वार्षिक क्रीडादिनाला एखादे माजी खेळाडू प्रमुख पाहुणे म्हणून येणार असतील, तर त्यांच्या परिचयाची तयारी निमंत्रण स्वीकारल्याचा निरोप मिळताच सुरू करावी. इतर समारंभांत ‘सुप्रसिद्ध’, ‘नामवंत’ अशा विशेषणांवर वेळ निभावून नेता येते. खेळाडूची कामगिरी मात्र वर्ष, स्पर्धा, क्रमांक आणि वेळ अशा नोंदींत बसलेली असते. ती चुकीची वाचली गेली, तर ते सर्वांत आधी व्यासपीठावरच्या पाहुण्यांनाच कळते, आणि सौजन्यापोटी त्यांना त्या क्षणी काही बोलताही येत नाही. यादी कोरडी होऊ नये म्हणून ठाण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेचे कल्पित उदाहरण घेतो. पाहुण्या आहेत ४०० मीटर शर्यतीच्या एक माजी धावपटू. त्या वसईत वाढल्या, पुढे रेल्वेत नोकरीला लागल्या आणि आता नेरूळला राहतात.

साधारण तीन आठवडे आधी परिचय लिहिणाऱ्या शिक्षकाने पाहुण्यांशी स्वतः बोलावे. हे काम पीटीच्या सरांवर आणि लेखन मराठीच्या बाईंवर अशी वाटणी बहुतेक शाळांत होते आणि मधल्या सांगोवांगीत तपशील निसटतो; लिहिणाराच विचारणारा असावा. पहिला प्रश्न नावाचा. लग्नानंतर नाव बदललेल्या महिला खेळाडूंची प्रमाणपत्रे आणि वृत्तपत्रांतील कात्रणे माहेरच्या नावाने असतात, आणि त्यांना ओळखणारे जुने प्रशिक्षक किंवा पालकही त्याच नावाने ओळखतात. निमंत्रणपत्रिकेवर कोणते नाव छापायचे आणि माहेरच्या नावाचा उल्लेख करायचा का, हे त्यांनीच ठरवावे. ‘सौ.’ स्वतःहून लावू नये, ‘श्रीमती’ पुरेसे आहे. आडनावाचा उच्चार त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यावा.

त्यानंतर प्रमाणपत्रांची छायाचित्रे मागावीत. मागताना संकोच वाटतो, परंतु ‘मुलांसमोर आपली कामगिरी अचूक सांगायची आहे’ असे कारण दिल्यास खेळाडू ती आनंदाने पाठवतात, असाच अनुभव आहे. केवळ कात्रणांवर विसंबू नये. आपल्या उदाहरणात कात्रणाचा मथळा त्यांना ‘राष्ट्रीय विजेती’ म्हणतो, तर प्रमाणपत्र सांगते की ते राष्ट्रीय शालेय स्पर्धेतील ४०० मीटरचे कांस्यपदक आहे. राष्ट्रीय शालेय स्पर्धा, आंतरविद्यापीठ स्पर्धा, राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आणि राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा या चार वेगवेगळ्या स्पर्धा आहेत. त्यांचे वयोगट, संघ आणि आयोजक वेगळे असतात. चौघींनाही ‘नॅशनल’ म्हणण्याची सवय असल्यामुळे परिचयात त्यांची सरमिसळ होते. आशियाई क्रीडा स्पर्धा आणि आशियाई अजिंक्यपद स्पर्धा यांचेही तसेच. पुण्यात बालेवाडीला २०१३ साली झाली ती आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा होती, आशियाई क्रीडा स्पर्धा नव्हे. पुरस्काराचे नावही पूर्ण घ्यावे : ‘शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कार’ आणि जिल्हा पातळीवरचा पुरस्कार हे दोन्ही बोलण्यात नुसते ‘क्रीडा पुरस्कार’ होतात.

दुसरे प्रमाणपत्र १९९४ साली पुण्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतील सहभागाचे आहे असे समजू. इथे ‘गाजवली’ हे क्रियापद टाळावे. ‘महाराष्ट्राच्या संघातून धावल्या’ एवढे विधान खरे आहे आणि ते पुरेसे मोठेही आहे. रेल्वेत नोकरी लागल्यानंतरच्या स्पर्धांबाबत आणखी एक खबरदारी घ्यावी. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत रेल्वेचा संघ स्वतंत्र असतो, म्हणून त्या वर्षांसाठी ‘महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व केले’ असे सरसकट लिहिणे बरोबर ठरत नाही. प्रत्येक वर्षापुढे संघाचे नाव प्रमाणपत्रावरूनच उतरवावे. जिल्ह्याचेही पाहावे. जुन्या प्रमाणपत्रावर ‘ठाणे जिल्हा’ असले, तरी वसई १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे; म्हणून ‘तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वसईच्या’ असे म्हणावे. ठाण्यातील श्रोत्यांना त्यात आपलेपणाचा धागा मिळतो आणि वसईकर पालकही हरकत घेत नाहीत.

वेळेच्या नोंदीकडे मराठी शिक्षकाचे लक्ष सहसा जात नाही, पण धावपटूच्या परिचयाचा कणा तीच आहे. समजा, प्रमाणपत्रावर ५६.८ सेकंद ही वेळ आहे. दशांशानंतर एकच अंक असेल तर ती बहुधा हाताच्या घड्याळाने घेतलेली वेळ असते. विजेच्या यंत्रणेने घेतलेली वेळ दोन अंकांत, म्हणजे शंभरांशापर्यंत लिहितात. त्यामुळे ५६.८ चे ‘५६.८०’ करू नये. तो शून्य निरुपद्रवी दिसतो, पण न झालेल्या मोजमापाचा दावा करतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळा शर्यतीत पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या एका शंभरांश भागाने हुकले होते. ज्यांचे उमेदीचे दिवस या अंशांसाठी गेले, त्यांच्यासमोर आकडे गोळाबेरीज करून वाचणे बरे नव्हे. ‘विक्रम’ हा शब्द वापरायचा झाल्यास तो कोणत्या पातळीवरचा आणि कोणत्या वर्षापर्यंत टिकलेला, हे सांगता आले पाहिजे. नाही तर तो गाळावा. पाहुणे ऑलिंपिकमध्ये खेळलेले असतील, तर ‘माजी ऑलिंपियन’ म्हणू नये. एकदा झालेला ऑलिंपियन कायमचा ऑलिंपियन, असा त्या खेळाडूंच्या जागतिक संघटनेचा आग्रह आहे.

दुखापत, निवड हुकणे, उशिरा मिळालेली नोकरी या गोष्टी परिचयाला रंग देतात खऱ्या, परंतु त्या सांगण्याचा अधिकार पाहुण्यांचा आहे. त्यांनी स्पष्ट परवानगी दिली तरच एखादा उल्लेख करावा. अन्यथा त्यांच्या मनोगतासाठी तो सोडून द्यावा.

आता लेखन. मैदानावरचे कर्णे आवाज घुमवतात आणि समोर शेकडो मुले उभी असतात, त्यामुळे परिचय दीड मिनिटांत संपावा. सावकाश वाचनाच्या हिशेबाने हे सव्वाशे ते दीडशे शब्द होतात. एवढ्या जागेत सगळी पदके मावत नाहीत आणि मावू देऊही नयेत. एक कामगिरी निवडावी आणि ती मुलांच्या मापाने सांगावी. आपल्या शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेली धावपट्टी २०० मीटरची आहे असे धरले, तर ४०० मीटर म्हणजे दोन फेऱ्या. ५६.८ ला चारने भागले की प्रत्येक शंभर मीटरला १४.२ सेकंद येतात. शाळेतील सर्वांत वेगवान मुलीची शंभर मीटरची वेळ पीटीच्या सरांच्या वहीतून घ्यावी, ती १४.६ असेल तर परिचय जवळजवळ तयारच झाला. तो असा वाचता येईल :

‘मुलांनो, मागच्या वर्षी आपल्या शाळेत मुलींच्या शंभर मीटर शर्यतीत पहिला क्रमांक चौदा पूर्णांक सहा सेकंदांत आला. आज आपल्याकडे आलेल्या पाहुण्यांनी त्याहून कमी सरासरी वेळेत शंभर मीटर पार केले, आणि तेही न थांबता चार वेळा. चारशे मीटर, म्हणजे आपल्या मैदानाच्या दोन फेऱ्या, त्यांनी छप्पन्न पूर्णांक आठ सेकंदांत पूर्ण केल्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वसईच्या शाळेत शिकत असताना त्यांनी राष्ट्रीय शालेय स्पर्धेत चारशे मीटरचे कांस्यपदक मिळवले. १९९४ साली पुण्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्या महाराष्ट्राच्या संघातून धावल्या, आणि नंतर अनेक वर्षे रेल्वेच्या संघातून. आज त्या नेरूळला राहतात. आपल्या क्रीडादिनाच्या प्रमुख पाहुण्या…’ आणि इथे, सर्वांत शेवटी, नाव.

नाव शेवटी घेण्याचे कारण व्यवहाराचे आहे. नाव ऐकताच टाळ्या सुरू होतात आणि त्यानंतरचे शब्द कोणापर्यंत पोहोचत नाहीत. हा मसुदा पाहुण्यांना चार दिवस आधी पाठवून लेखी होकार घ्यावा. सूत्रसंचालकाच्या प्रतीत आकडे अक्षरांत लिहावेत; ‘५६.८’ माइकसमोर अडखळवते. सूत्रसंचालन विद्यार्थिनी करणार असेल तर तालीम वर्गात न घेता मैदानावर, कर्णे लावून घ्यावी.

कार्यक्रमपत्रिकेत परिचयाची जागा संचलनानंतर आणि क्रीडाज्योतीच्या आधी ठेवावी. संचलनापूर्वी परिचय ठेवला तर हाउसचे संघ मैदानाच्या टोकाला ताटकळतात आणि ऐकू कोणालाच येत नाही. मानवंदना स्वीकारताना पाहुण्यांना किती वेळ उभे राहावे लागेल, हे आधी कळवावे. चार हाउस आणि बँडपथक मिळून दहा मिनिटे सहज होतात, आणि जुन्या धावपटूंचे गुडघे व घोटे बरेचदा दुखरे असतात. मागे खुर्ची असावी आणि व्यासपीठाच्या पायऱ्यांना कठडा असावा. ‘आमच्या मुलांबरोबर एक फेरी धावा ना’ ही लाडिक विनंती ऐनवेळी माइकवरून करू नये, कारण सर्वांसमोर नकार देणे अवघड जाते. पहिल्या शर्यतीला क्लॅपर वाजवून सुरुवात करून देण्याचा मान मात्र आधी विचारून जरूर द्यावा.

सत्कार थोडक्यात आटोपावा : औक्षण प्रवेशद्वारापाशी, शाल आणि रोप व्यासपीठावर. संस्थेचे सर्व पदाधिकारी एकेक पुष्पगुच्छ देऊ लागले की उन्हातली मुले बसू लागतात, हे मुख्याध्यापकांनी आदल्या बैठकीतच सांगून टाकावे. शाल देण्यासाठी पदाधिकाऱ्यांपेक्षा त्या १४.६ सेकंदवाल्या मुलीला पुढे करावे, असे माझे मत आहे.

नेरूळहून सकाळी निघणाऱ्या पाहुण्यांना ठाणे-बेलापूर रस्त्याने यायचे आहे, आणि शाळा घोडबंदर रोडला असेल तर शेवटचा टप्पाच सर्वांत बेभरवशाचा असतो. गाडी शाळेने पाठवावी आणि चालकाचा क्रमांक एका शिक्षकाकडे असावा. उशीर झालाच तर संचलन वेळेवर सुरू करून मानवंदना मुख्याध्यापकांनी घ्यावी, आणि परिचय पहिल्या दोन शर्यतींनंतर हलवावा. असा बदल केलेली पर्यायी कार्यक्रमपत्रिका सूत्रसंचालकाच्या फायलीत आधीच लावून ठेवावी. आभार मानणाऱ्या शिक्षकांना आणि वृत्तपत्राकडे बातमी पाठवणाऱ्यांना होकार मिळालेल्या परिचयाचीच प्रत द्यावी, म्हणजे कांस्यपदकाचे सुवर्णपदक होणार नाही.